शेवटचे दोन आकडे

एकतीस वर्षं मी वीज मंडळात मीटर तपासत फिरलो. लोकांच्या घरात शिरून, त्यांच्या मीटरवर टॉर्च मारून, कुठे तार वळवलीय, कुठे सील फोडून पुन्हा चिकटवलंय हे शोधणं हेच माझं काम. देवघरामागून तार काढणारा भेटला, तसा चहा पाजून गोड बोलणाराही भेटला. जो जास्त गोड बोलतो त्याच्या मीटरमध्ये हमखास काही तरी असतं, एवढं एक शहाणपण घेऊन मी रिटायर झालो. आता मीटर तपासायला नाहीत, म्हणून माणसं तपासतो. माझी बायको कौसल्या म्हणते, तुमाले घरच्या घड्याळावर बी भरोसा नाही, मोबाईलमंदी पाहून येता.

ते खरं आहे. पण मोबाईलवरही माझा भरोसा नाही.

कौसल्याच्या मणक्याची चकती सरकलेली. पंधरा मिनिटांच्या वर बसली की कमरेपासून टाचेपर्यंत कळ जाते आणि ती ओठ दाबून आढ्याकडे पाहत राहते. आडवी पडली की बरं. दिल्लीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आठ महिन्यांपूर्वी नंबर लावला होता. ऑपरेशनसाठी भरती व्हायची तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची, नोव्हेंबरातली. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हजर राहिलं नाही तर पुन्हा नव्याने नंबर लावायचा. म्हणजे आणखी आठ महिने आढ्याकडे पाहणं.

तारीख कळली तेव्हा मोजके दिवस उरले होते आणि दिवाळीची गर्दी. नागपुरात, सक्करदऱ्यात आमच्या चौकात ताराचंदचं तिकिटांचं दुकान आहे. त्याच्याकडून नागपूरहूनच सुटणाऱ्या सणाच्या स्पेशल गाडीची दोन स्लीपरची तिकिटं काढली. भरतीच्या आदल्या संध्याकाळी साडेपाचला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत दिल्ली. भरतीच्या वेळेआधी पाच तास हातात. तिकीट हातात आलं तर त्यावर वेटिंग एकतीस आणि बत्तीस. परतीचंही त्याच्याचकडून काढलं, तेही वेटिंगच.

ताराचंद म्हणाला, काका, होऊन जाते. एवढं गोड म्हणाला की मला तिथेच शंका आली.

आमच्या गल्लीत, दोन घरं सोडून, शालिकराम राहतात. मूळ नरखेडकडचे, आयुष्य रेल्वेच्या रिझर्वेशनच्या खिडकीमागे काढलेलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी माणूस बोलतो खिडकीतून बोलल्यासारखाच, मान थोडी वाकवून. त्यांनी तिकीट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला समजावून सांगितलं. गाडी इथूनच सुटते, तेव्हा ही साधी वेटिंग आहे. मधल्या स्टेशनांच्या वेटिंगपेक्षा हिचं लवकर होतं. पुढचा एक जण तिकीट रद्द करतो तसा तुमचा नंबर एकाने खाली येतो. वेटिंग संपली की आधी आरएसी, म्हणजे बाजूच्या खालच्या सीटवर दोघांनी अर्धं अर्धं बसायचं, आणि मग पक्का बर्थ. तुमची दोन्ही नावं एकाच पीएनआरवर आहेत, तेव्हा एकाचं जरी झालं तरी दोघांना गाडीत चढता येतं. वहिनींना आडवं पडायला एकच जागा पाहिजे. एक झाली की काम झालं.

मी विचारलं, आणि एकही नाही झाली तर?

तर चार्ट, म्हणजे जागांची शेवटची यादी, बनल्यावर तिकीट आपोआप रद्द होतं, ते म्हणाले. ताराचंदसारखे मोबाईलवर काढतात ते तिकीट असं, की पूर्ण वेटिंग राहिलं तर ते मेलं. थोडे पैसे कापून बाकीचे ज्या खात्यातून गेले तिथे परत येतात. ते घेऊन गाडीत बसलात तर बिनतिकीट धरतील. खिडकीवरचं कागदी तिकीट असतं तर ते आपोआप मरत नाही, स्वतः जाऊन गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत परत करावं लागतं. पण ते वेटिंगचं असेल तर रिझर्वेशनच्या डब्यात त्यालाही जागा नाही, जनरलमध्ये बसा म्हणतात.

मी मनात नोंद केली की पैसे ताराचंदच्या खात्यात परत जाणार. म्हणजे माझं तिकीट न होण्यात त्याचं काही अडत नाही.

पहिले काही दिवस नंबर भराभर उतरला. एकतीसचे बावीस, बावीसचे अकरा. रोज सकाळी उठलो की मी आधी पीएनआर टाकून पाहायचो. दहा आकडे मला पाठच होते, जाण्याचेही आणि परतीचेही. मीटरचे आकडे पाठ करण्याची सवय अशी जात नाही. मग तीन आणि चारवर येऊन नंबर थांबला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. तीन आणि चार.

एकतीसवरून तीनवर येणारी गोष्ट पाच दिवस हलत नाही, म्हणजे कोणी तरी हाताने धरून ठेवली आहे. मीटर असा अचानक थांबला की मी सरळ तारेला हात घालायचो. इथे तार कुठे होती?

शालिकराम म्हणाले, धरून कोणी नाही ठेवलं. लोकं शेवटपर्यंत तिकीट ठेवतात, चार्टच्या वेळी उरलेल्या कोट्याच्या जागा मोकळ्या होतात, तेव्हाच खरं हलतं. पूर्वी चार्ट चार तास आधी बनायचा, आता आठ-दहा तास आधी. तुमची गाडी संध्याकाळची, म्हणजे त्या दिवशी सकाळीच कळेल. तोवर शांत राहा. शांत राहा म्हणणाऱ्या माणसाला मी कधीच सोडलेलं नाही. मी त्यांच्याकडे नीट पाहायला लागलो.

आणि मग आयुष आला. शालिकरामांचा पुतण्या, नरखेडहून संत्र्यांची पिशवी घेऊन. त्याची दिल्लीत नोकरीची मुलाखत होती, आमच्या भरतीच्याच दिवशी संध्याकाळी, आणि तिकीट आमच्याच गाडीचं. अंगणात उभा राहून, संत्रं सोलता सोलता तो अगदी सहज बोलून गेला:

"काका, मी तुमच्या मागंच आहो. पाच नंबर."

कौसल्या हसली. मी हसलो नाही. तीन आणि चार आम्ही, पाच हा. आम्ही दोघं रद्द झालो की हा थेट तीनवर. आणि याचा काका चाळीस वर्षं रिझर्वेशनच्या खिडकीमागे बसलेला. सगळं कसं जुळत होतं. जुळलेल्या गोष्टीसारखी दुसरी वाईट गोष्ट नाही, कारण ती जुळली की माणूस पुढे बघायचं सोडतो. हे मला आज कळतं.

प्रवासाच्या आदल्या दिवशी मी तत्काळची धडपड करून पाहिली. स्लीपरची तत्काळ अकराला उघडते. आठ वाजताच रिझर्वेशन ऑफिसात जाऊन रांगेत तिसरा लागलो. अकरा वाजले, पहिल्याचं निघालं, दुसऱ्याचं निघेपर्यंत जागा संपल्या. खिडकीतल्या बाईने माझ्यासमोर पडदा वळवून दाखवला तरी मी पुन्हा एकदा पाहा म्हटलं. दिल्लीकडे जाणाऱ्या बाकीच्या गाड्यांत तर वेटिंगही देत नव्हते. विमानाची ताराचंदने चौकशी केली होती. वेळेत पोचवणारी सगळी भरलेली.

घरी आलो तर शालिकराम ओट्यावर वाट पाहत बसलेले. म्हणाले, आता एकच रस्ता आहे. चार्टच्या आधी रेल्वे थोड्या जागा इमर्जन्सी कोट्यात राखून ठेवते, आजारपण, मयत, सरकारी काम अशांसाठी. वेटिंगचं तिकीट हातात असलं तरच मागता येतं. किंग्जवेवर रेल्वेच्या डीआरएम ऑफिसात अर्ज द्यायचा, सोबत दवाखान्याचं पत्र. पण संध्याकाळच्या गाडीचा अर्ज आदल्या दिवशी चारच्या आत पोचला पाहिजे, आज उशीर केला तर उद्या तो कागद रद्दी. मिळेलच असं मी सांगत नाही, जागा कमी आणि मागणारे ढीगभर असतात. वहिनींचं कारण मात्र खरं आहे.

एवढं म्हणून त्यांनी खिशातून कोरा अर्ज काढला. जसा काही तयारच होता.

"भैय्याजी, नावं, गाडी, तारीख आणि पीएनआर लिवा. मोबाईल नंबर बी टाका. मी सोता नेऊन देतो."

मी पेन घेतलं. नावं लिहिली. गाडी, तारीख लिहिली. पीएनआरच्या चौकटींजवळ येऊन माझा हात थांबला. रोज टीव्हीवर, बँकेत, सगळीकडे सांगतात की आपला नंबर कोणाला देऊ नका, एका नंबरावर लोकांची खाती साफ होतात. पीएनआर म्हणजे तिकिटाचा जीव. तो या माणसाच्या हाती दिला, याने जुन्या ओळखीच्या खिडकीवर जाऊन आमचं तिकीट रद्द करून टाकलं, तर आयुष तीनवर. आणि वर मला सांगेल, काय करता भैय्याजी, नशीब.

पण अर्ज दिला नाही तरी अडचण. कौसल्या दारात उभी, एक हात चौकटीवर, एक कमरेवर. ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की नाही म्हणायची सोय नव्हती. मग मी एक शहाणपणा केला. आठ आकडे बरोबर लिहिले आणि शेवटचे दोन उलटे. चार-सातच्या जागी सात-चार. मनात म्हटलं, अर्ज खरा असेल तर रेल्वेला नावावरून, गाडीवरून कळेलच. आणि याच्या पोटात पाप असेल तर हा हात चोळत बसेल.

शालिकरामांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला, दवाखान्याच्या पत्राची झेरॉक्स मागितली आणि स्कूटर काढून उन्हात किंग्जवेच्या दिशेने गेले. तेव्हा दीड वाजला होता.

संध्याकाळी मला दोन फोन आले, अनोळखी नंबरावरून. मी अनोळखी फोन उचलत नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो नंबर ब्लॉक केला. कौसल्याने विचारलं कोणाचा, मी म्हटलं, कोणी तरी कर्ज देऊन राहिलं असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून मी मोबाईल घेऊन बसलो. चार्ट बनला नाही, चार्ट बनला नाही, आणि मग बनला. वेटिंग एक, वेटिंग दोन. फक्त दोन जागा कमी पडल्या होत्या. थोड्या वेळाने ताराचंदचा फोन आला की तिकीट रद्द झालं, पैसे त्याच्या खात्यात आले की आणून देतो. आयुषचंही गेलं. तो तीनवर राहिला.

आयुषचंही गेलं, हे ऐकून मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मग कौसल्याकडे पाहिलं. ती खाटेवर आडवी होती, उशाशी दवाखान्याची फाईल, पायथ्याशी बांधून ठेवलेली पिशवी. नुसती आढ्याकडे पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं.

मी म्हटलं, आपण तसंच चढू, टीसीला पैसे देऊ. ती म्हणाली, आन् त्यानं भोपाळले उतरवलं तर? मले बसवत नाही, उभं काय राहू?

शालिकराम आले ते अनवाणी. चप्पल घालायचंही सुचलं नव्हतं. दारातच उभे राहिले आणि माझ्यासमोर हात जोडले.

"भैय्याजी, माफ करा गा. माझ्या हातून घोळ झाला. कोटा मंजूर झाला होता, दोघाचा बी. पण पीएनआर टाकला तं तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. तिथं माझ्यासंगं नोकरी केलेल्या माणसानं काल तुमाले दोन फोन केले, तुमी उचलले नाही. माझ्याकडचा फोन बी मी चार्जिंगले लावून झोपलो. अर्ज देताना मी एकदा नंबर टाकून पाहाले पाहिजे होता. चाळीस वर्षं दुसऱ्याचे आकडे तपासले अन् घरच्या माणसाच्या वेळी चुकलो. चष्मा बदलाले झाला माझा."

मंजूर झाला होता. दोघांचा. मी "असू द्या" म्हणालो. तो माणूस माझी माफी मागत होता आणि मी मोठ्या मनाने असू द्या म्हणत होतो. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा उलटा मीटर मी पाहिला नाही.

ते फार वेळ थांबले नाहीत. म्हणाले, अजून संपलं नाही. चार्ट बनल्यावर गाडीत ज्या जागा रिकाम्या राहतात किंवा मागाहून कोणी रद्द करतं, त्या खिडकीवर करंट बुकिंगमध्ये मिळतात, अर्ध्या तासावर दुसरा चार्ट बनेपर्यंत. स्लीपरमध्ये आरएसीवाले बसलेत, तिथे आशा नाही. एसीत बघू. प्रत्येक वर्गाची यादी वेगळी असते. तुम्ही मात्र स्वतःसाठी जनरलचं तिकीट काढून ठेवा. वहिनींना एक जागा मिळाली तरी तुम्ही त्याच गाडीत असले पाहिजे. आणि वहिनींचं वय, आधार नंबर कागदावर लिहून द्या.

मी लिहून दिलं. तेव्हा मी आकडे तीनदा तपासले.

साडेनवापासून शालिकराम खिडकीसमोर होते. मी अकराला गेलो तेव्हा तिथेच उभे. बाराला पोळीभाजी घेऊन गेलो, तेव्हाही. खिडकीतला मुलगा त्यांना ओळखत नव्हता, चार वर्षांत खिडकीवरचे सगळे बदललेले. तो प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि हे रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा लागायचे. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी लागतो. तर म्हणाले, तुमाले तो काय सांगून राहिला ते नाही समजणार. घाम शर्टातून बाहेर आलेला. पायात आता कोणाच्या तरी रबरी चपला होत्या, एक मोठी, एक लहान.

मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मनाचा एक कोपरा म्हणत होता की हा आयुषसाठी तर उभा नाही ना? संशय हा खरजेसारखा असतो. औषध लावलं तरी दोन दिवस खाजवतच.

दोनला दहा मिनिटं कमी असताना ते वळले आणि त्यांच्या हातात तिकीट होतं. सेकंड एसी, बाजूचा खालचा बर्थ, एक. नाव कौसल्या. मी तिकिटावरचं नाव दोनदा वाचलं. शालिकराम म्हणाले, एवढी एकच निघाली, कोणी तरी आत्ताच रद्द केली. पडदा असते तिथं, वहिनी आरामात झोपून जाईन.

तुम्हाला सांगतो, मी तिथेच बोलायला हवं होतं. रिझर्वेशन ऑफिसात, पंख्याखाली, दहा लोकांसमोर. मी म्हणालो, "लय केलं तुमी आमच्यासाठी." एवढंच. आणि पैसे मोजून दिले.

साडेचारला कौसल्याला व्हीलचेअरवरून आणलं. डब्यात चढवलं, आडवं केलं, उशी कमरेखाली दिली. समोरच्या बर्थवर एक म्हातारी बाई होती, ती म्हणाली मी बघते. कौसल्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि कितीतरी दिवसांनी आढ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

"त्या माणसाचे पाय पाहिले का तुमी?" ती म्हणाली. "सुजले होते. जा, चहा तरी पाजा त्याले."

मी जनरलच्या डब्याकडे निघालो. दुपारपासून तिथे रांग लावलेली, पोलीस एकेकाला आत सोडत होते. माझ्या आधी दीडशे माणसं. पण डब्याच्या खिडकीतून कोणी तरी हाक मारली. आयुष. तो एक वाजल्यापासून रांगेत होता, पहिल्या वीसात. खिडकीजवळ बसलेला आणि शेजारच्या हातभर जागेवर स्वतःची बॅग ठेवून, तिच्यासाठी तीन जणांशी भांडून बसलेला. माझी पाळी आल्यावर मी घुसमटत आत गेलो तशी त्याने बॅग उचलून मांडीवर घेतली आणि मला खिडकीशी बसवलं.

मी विचारलं, तू एसीतलं काही पाहिलं नाहीस? तुझी तर मुलाखत आहे.

तो म्हणाला, माझं काय, मी उभा बी जातो. मग हसून, जसं काही गमतीचं सांगतो तसं म्हणाला, परवा कोट्याचा अर्ज मी आणला होता, माझ्यासाठीच. मुलाखतीचं पत्र बी लावणार होतो. काका म्हणाले, एका माणसानं दोन अर्ज नेले तं साहेब दोन्ही बाजूले ठेवते. तुह्या पायाले काय झालं? वहिनीले बसता येत नाही. अन् तोच कोरा अर्ज खिशात घालून तुमच्याकडे आले.

तयारच असलेला तो कोरा अर्ज. मी ज्याच्यावर शंका घेतली होती तो कागद या पोराचा होता. त्यावर मी सात-चार लिहिलं होतं.

खिडकीबाहेर शालिकराम आले. हातात पाण्याच्या दोन बाटल्या, एक आयुषला, एक मला. गजातून आत सरकवल्या. चेहरा थकलेला पण समाधानी. म्हणाले, वहिनीले भेटून आलो, झोपली आहे. आणि पुन्हा तेच, चष्मा बदलतोच आता या महिन्यात, असा घोळ पुन्हा नको.

गाडीला सिग्नल झाला. पाच-पंचवीस, पाच-अठ्ठावीस. मी बाटली मांडीवर ठेवली आणि गज धरला.

"शालिकरामजी, चष्मा नका बदलू," मी म्हणालो. "तुमी बरोबर वाचलं. आकडे मीच उलटे लिवले होते. जाणूनबुजून."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. माझ्या हातापाशी गजावर ठेवलेला त्यांचा हात त्यांनी काढून घेतला.

"काहून?"

"आयुष पाच नंबरवर होता म्हणून. मले वाटलं, तुमी आमचं तिकीट मारता."

माझ्या शेजारी आयुषने मांडीवरची बॅग पोटाशी ओढली. डब्यात एवढा गलका, लहान पोरं, ट्रंका, कोणाचा तरी मोबाईल वाजतोय. शालिकराम माझ्याकडे पाहत होते. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते त्या दोन वेगवेगळ्या चपलांत उभे होते आणि एकाएकी म्हातारे दिसत होते. मी "माफ करा" म्हणालो, पण ते गाडीच्या धक्क्यात गेलं. गाडी हलली.

ते हलले नाहीत. खिडकी त्यांच्यापासून हातभर पुढे गेली, दोन हात गेली. मी मान वळवून मागे पाहत राहिलो. मला वाटलं, संपलं. आणि ते चालायला लागले. सुजलेल्या पायांनी, भराभर, खिडकीच्या बरोबरीला आले. खिशातून पेन काढलं होतं.

"परतीचं तिकीट वेटिंगच आहे ना?"

मी मान हलवली.

"पीएनआर सांगा."

डबा माणसांनी खचाखच भरलेला. ओळखीचा एक नाही. माझ्या खांद्यावर कोणाचं तरी डोकं, समोर वीस जण माझ्याच तोंडाकडे पाहणारे. मी ओरडून सांगितलं, एकेक आकडा सुटा करून, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. ते धावत धावत तळहातावर लिहीत होते.

"शेवटचे दोन परत सांगा," शालिकराम म्हणाले.

"सहा, तीन," मी ओरडलो. "सहा, तीन."

त्यांनी तळहात पाहिला, मान हलवली आणि थांबले.